बी-१२ नॉर्मल, फोलेट नॉर्मल, मग होमोसिस्टीन का वाढलं?

एप्रिल महिन्यात पाथर्डी फाट्याकडचे एक गृहस्थ रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. वय चोपन्न, अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज घरबसल्या करून घेतलं होतं आणि त्यात एक आकडा लाल आला होता. होमोसिस्टीन २७.४, मर्यादा १५ पर्यंत. त्यांनी मोबाईलवर वाचून काढलं होतं की हे वाढलं की रक्ताच्या गुठळ्या होतात, हार्ट अटॅक येतो. मेडिकलवाल्याने 'बी-१२ कमी असेल' म्हणून गोळ्यांची एक स्ट्रिप हातात ठेवली होती. पण रिपोर्टमध्ये बी-१२ होतं ४६८ आणि फोलेट ११. दोन्ही उत्तम. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता: "डॉक्टर, ज्याच्यामुळे वाढतं म्हणतात ते तर ठीक आहे. मग हे वाढलं कशाने?"

नाशिकमध्ये प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला आता महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, कारण चेकअपच्या पॅकेजमध्ये ही तपासणी सर्रास घातलेली असते. म्हणून या एका पेशंटच्या निमित्ताने ते सगळं नीट सांगतो. १५ ते ३० च्या दरम्यान असलेल्या होमोसिस्टीनबद्दल मी बोलतोय. बहुतेकांचा आकडा याच टप्प्यात असतो. त्याहून खूप वर असेल तर गोष्ट वेगळी, तिकडे पुढे येतो.

होमोसिस्टीन बाहेरून येत नाही. डाळी, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांमध्ये मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. शरीर ते वापरतं तेव्हा मधल्या टप्प्यावर होमोसिस्टीन तयार होतं. ते साठवायचं नसतं, लगेच पुढे पाठवायचं असतं. मोरीला पाणी जायला दोन भोकं असावीत तसे त्याला दोन मार्ग आहेत. एका मार्गाने ते परत मेथिओनिन होतं, आणि त्यासाठी फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात. दुसऱ्या मार्गाने त्याचं सिस्टीन होतं, त्यासाठी बी-६ लागतं. या विल्हेवाटीत मूत्रपिंडाचाही मोठा वाटा आहे. यातलं काहीही मंदावलं की रक्तात पातळी चढते. म्हणजे बी-१२ आणि फोलेट ही सगळ्यांना माहीत असलेली कारणं झाली, पण एवढीच कारणं नाहीत.

आधी ट्यूबची चौकशी

मी त्या गृहस्थांना पहिला प्रश्न आहाराचा विचारला नाही. विचारलं, रक्त कधी घेतलं आणि ते लॅबमध्ये कधी पोचलं?

रक्त न्यायला लॅबचा मुलगा सकाळी सव्वासहाला आला होता. त्यानंतर त्याला इंदिरानगर आणि सिडकोतली आणखी घरं करायची होती, ते त्याने स्वतःच सांगितलं होतं. हातात थर्माकोलची पेटी होती. बर्फ होता का? सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी, वहिनी, म्हणाल्या, "बर्फ काही दिसला नाही बाई. ट्यूबा नुसत्या रॅकमध्ये लावल्या होत्या." सॅम्पल लॅबला पोचल्याची वेळ रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेली असते. ती होती नऊ वाजून वीस मिनिटं.

हे तीन तास महत्त्वाचे आहेत. रक्त शरीराबाहेर काढलं तरी ट्यूबमधल्या तांबड्या पेशी जिवंत असतात आणि होमोसिस्टीन बनवून बाहेर टाकत राहतात. त्याची विल्हेवाट लावायला तिथे ना यकृत असतं ना मूत्रपिंड. साध्या तापमानाला ट्यूब तशीच राहिली तर पातळी दर तासाला साधारण दहा टक्क्यांनी चढते. म्हणून नियम असा की रक्त काढल्याबरोबर ट्यूब बर्फात ठेवायची आणि तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करायच्या. एकदा वेगळ्या केल्या की आकडा स्थिर राहतो, मग सॅम्पल मुंबईला गेलं तरी बिघडत नाही.

यातली फसगत अशी की त्याच वेळी काढलेल्या रक्तातलं बी-१२ या दोन-तीन तासांत फारसं बदलत नाही. त्यामुळे बी-१२ खरं, फोलेट खरं आणि होमोसिस्टीन मात्र फुगलेलं, असा रिपोर्ट हातात येतो. बाकीचं सगळं पटण्यासारखं असल्यामुळे या एका आकड्याची शंका कुणाला येत नाही.

मी त्यांना बारा तास उपाशी राहून थेट लॅबमध्ये जायला सांगितलं आणि टेक्निशियनशी फोनवर बोलून घेतलं की ट्यूब बर्फात ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत फिरवा. उपाशीपोटी एवढ्यासाठी की आदल्या रात्रीच्या भरपूर प्रथिनांच्या जेवणानेही पातळी थोडी चढते. नवा आकडा आला २१.२. म्हणजे वरचे सहा अंक ट्यूबमध्येच तयार झाले होते. कितीतरी लोकांची चौकशी इथेच संपते. पहिला आकडा अठरा-एकोणीस असतो, नीट तपासलं की चौदा-पंधरा येतो आणि ते निश्चिंत होऊन घरी जातात. यांचं तसं झालं नाही. २१ हा आकडा खरा होता.

'नॉर्मल' बी-१२ खरंच नॉर्मल का?

आपल्याकडे हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधक आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोनशेच्या वर पुणेकरांची तपासणी केली, तर तीन चतुर्थांशांहून जास्त जणांचं होमोसिस्टीन १५ च्या वर निघालं. त्यामागे मुख्यतः बी-१२ ची कमतरता होती. पण त्यातली बरीचशी कमतरता साध्या बी-१२ च्या तपासणीतून दिसतच नव्हती.

कारण असं आहे. नेहमीची तपासणी रक्तातलं एकूण बी-१२ मोजते. त्यातला मोठा भाग, जवळपास तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त, अशा प्रथिनाला चिकटलेला असतो की तो बहुतेक पेशींना वापरता येत नाही. उरलेला छोटा भाग ट्रान्सकोबालमिन नावाच्या वाहकावर बसलेला असतो आणि पेशी तोच घेतात. एकूण आकडा २५० असेल तर रिपोर्ट काळ्या अक्षरात 'नॉर्मल' छापतो. पण पेशींच्या वाट्याला येणारा भाग अपुरा असू शकतो, आणि मग होमोसिस्टीन वाढलेलं दिसतं. जन्मापासून शाकाहारी असलेली, दूध-दही जेमतेम खाणारी आणि वर उपास-तापास कडक करणारी व्यक्ती २२० ते ३०० च्या दरम्यान असेल, तर मी तिला 'नॉर्मल' म्हणून सोडत नाही.

याच्या उलटही होतं. तपासणीच्या आधी आठ-दहा दिवस कुणी मिथाइलकोबालमिनच्या गोळ्या घेतल्या असतील किंवा एखादं इंजेक्शन टोचून घेतलं असेल, तर रक्तातला आकडा झटकन आठशे-हजार होतो. पेशींमधली जुनी तूट भरून यायला मात्र वेळ लागतो. लोक हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती ताकदीची गोळी असते, औषध नसतं. म्हणून ते मुद्दाम खोदून विचारावं लागतं.

शंका असेल तर दोन तपासण्या आहेत. एक 'ॲक्टिव्ह बी-१२', जी फक्त वापरता येणारा भाग मोजते. दुसरी मिथाइलमॅलोनिक ॲसिड, थोडक्यात एमएमए. पेशींमध्ये बी-१२ कमी पडलं की एमएमए वाढतं, फोलेट कमी पडलं तर वाढत नाही, म्हणून ते नेमकं बोट दाखवतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर एमएमएसुद्धा वाढतं, एवढं लक्षात ठेवायचं. या गृहस्थांनी गोळ्यांची स्ट्रिप अजून फोडलेली नव्हती, आणि घरात अंडी-मासे नेहमीचे होते. तरी खात्रीसाठी ॲक्टिव्ह बी-१२ करून घेतलं. ते किमान मर्यादेच्या बरंच वर होतं. बी-१२ चा संशय मिटला.

काळ्या अक्षरातला १.३

मग मी त्यांच्या रिपोर्टमधली अशी एक ओळ बघितली जी लाल नव्हती. क्रिएटिनिन १.३, लॅबची मर्यादा १.३ पर्यंत. कुणाचंही लक्ष जाणार नाही. पण त्यांच्या फाइलमध्ये मागच्या वर्षीच्या तपासणीचा कागद होता आणि त्यावर क्रिएटिनिन १.० होतं. चोपन्न वर्षांच्या पुरुषात या दोन आकड्यांवरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढली, तर ती ९० च्या आसपासवरून ६५ वर आल्याचं दिसतं. एका वर्षात एवढी घसरण म्हणजे काहीतरी घडलेलं असणार.

बी-१२ आणि फोलेट चांगलं असताना होमोसिस्टीन वाढलेलं असेल, तर मूत्रपिंड हे अगदी नेहमीचं कारण आहे. क्षमता जसजशी उतरते तसतसं होमोसिस्टीन चढतं, आणि क्रिएटिनिन लाल व्हायच्या आधीच चढायला लागतं. साठीच्या पुढे ही उतरण सावकाश सगळ्यांचीच होते, म्हणून वयाबरोबर होमोसिस्टीनही थोडं वाढतं. सत्तरीच्या आजोबांचं १७ आलं तर मी त्याचा बाऊ करत नाही. थायरॉइड कमी काम करत असेल तर क्रिएटिनिन आणि होमोसिस्टीन दोन्ही चढतात, आणि थायरॉइडची गोळी सुरू केली की दोन्ही उतरतात. यांचा टीएसएच २.८ होता, म्हणजे तेही नाही.

"सध्या चालू असलेली सगळी औषधं दाखवा," असं म्हटल्यावर वहिनींनी पिशवीतून स्ट्रिपा काढून टेबलावर मांडल्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, आणि तिसरी फेनोफायब्रेट १६०. ही तिसरी गोळी आठ महिन्यांपूर्वी दुसरीकडे सुरू झाली होती, कारण तेव्हा ट्रायग्लिसराइड ५२० होतं. तेव्हा ती देणं चूक नव्हतं. ट्रायग्लिसराइड पाचशेच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो.

फेनोफायब्रेट मात्र दोन आकडे वर नेतं: क्रिएटिनिन आणि होमोसिस्टीन. मधुमेह असलेल्या ९,७९५ लोकांवर झालेल्या फील्ड नावाच्या अभ्यासात, जो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, हे दोन्ही चढलेले दिसले आणि गोळी थांबवल्यावर उतरले. होमोसिस्टीनची वाढ साधारण एक तृतीयांश होती. म्हणजे चौदा-पंधरा असेल तर एकोणीस-वीस. आमच्या समोरचा आकडा त्याच्या जवळपास बसत होता.

इतर औषधंही असं करतात, पण त्यांतली बरीचशी आडमार्गाने. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ कमी होतं. फिट्सच्या फेनिटॉइनसारख्या गोळ्या आणि मेथोट्रेक्सेट फोलेटच्या कामात आडवी येतात. टीबीचं आयसोनियाझिड बी-६ कमी करतं, आणि बी-६ पॅकेजमध्ये कुणी मोजत नाही. तंबाखू, दारू आणि दिवसभर भरपूर कॉफी यांनीही एक-दोन अंकांची भर पडते.

एमटीएचएफआर या जीनबद्दलही आता लोक विचारतात, कारण ती तपासणीही विकली जाते. हा जीन फोलेटला वापरायोग्य रूप देणारं एन्झाइम बनवतो. त्याची मंद आवृत्ती आई आणि वडील दोघांकडून आलेली असेल तर होमोसिस्टीन वाढू शकतं, पण ते मुख्यतः फोलेट कमी असताना. फोलेट भरपूर असलं की फरक फार थोडा उरतो. अमेरिकेतल्या मेडिकल जेनेटिक्सच्या संस्थेने २०१३ सालीच सांगून ठेवलंय की गुठळ्यांच्या चौकशीत ही तपासणी करू नका, कारण तिच्या उत्तराने उपचार बदलत नाहीत. मी ती सांगत नाही. ते पैसे ॲक्टिव्ह बी-१२ वर खर्च झालेले बरे.

पण धोका किती?

वहिनींचा खरा प्रश्न हाच होता. "कारण काहीही असू दे, ह्यांना अटॅक येईल का ते सांगा."

ही भीती कुठून आली ते आधी सांगायला हवं. काही मुलांना जन्मजात होमोसिस्टिन्युरिया नावाचा दुर्मीळ आजार असतो. त्यांच्यात पातळी शंभराच्या वर जाते, डोळ्यातलं भिंग सरकतं, कोवळ्या वयात रक्ताच्या गुठळ्या होतात. किल्मर मॅक्कली या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६९ मध्ये अशा मुलांच्या रक्तवाहिन्या पाहिल्या आणि त्या म्हाताऱ्या माणसांसारख्या कडक झालेल्या आढळल्या. त्यांनी विचार मांडला की होमोसिस्टीनच रक्तवाहिन्या खराब करत असावं. पुढे मोठ्या पाहण्यांमध्येही दिसलं की ज्यांचं होमोसिस्टीन जास्त त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात थोडे जास्त होतात.

मग साहजिकच प्रयोग झाले. होमोसिस्टीन कमी करणं सोपं आणि स्वस्त आहे, फोलिक ॲसिड म्हणजे गोळीतलं फोलेट, बी-१२ आणि बी-६ दिलं की उतरतं. २००६ साली दोन मोठे प्रयोग एकदमच प्रसिद्ध झाले. एकाचं नाव होप-२. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या ५,५२२ लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षं ही तिन्ही जीवनसत्त्वं मोठ्या डोसमध्ये दिली. दुसरा नॉर्वेतला, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ३,७४९ जणांचा. दोन्हींत होमोसिस्टीन ठरल्याप्रमाणे उतरलं. हार्ट अटॅक मात्र कमी झाले नाहीत. होप-२ मध्ये पक्षाघात थोडे कमी दिसले, नॉर्वेत तसाही फायदा दिसला नाही. नंतरच्या आणखी मोठ्या प्रयोगांतही हार्ट अटॅकच्या बाबतीत हेच उत्तर आलं. ज्यांना जन्मापासून मंद एमटीएचएफआर आहे, म्हणजे ज्यांचं होमोसिस्टीन आयुष्यभर थोडं जास्त राहिलं, त्यांच्यातही हृदयविकाराचं प्रमाण म्हणण्यासारखं जास्त सापडलं नाही.

यावरून मी असं मानतो की १५ ते ३० या टप्प्यातलं होमोसिस्टीन बहुतेक वेळा दुसऱ्या कशाचा तरी पत्ता देत असतं. कमजोर होत चाललेलं मूत्रपिंड, सुस्त थायरॉइड, तंबाखू, लपलेली बी-१२ ची कमतरता. हृदयाला आणि मज्जातंतूंना धोका आहे तो या गोष्टींचा, आणि उपचार करायचा तो त्यांच्यावर.

पक्षाघाताबद्दल थोडी जागा मोकळी ठेवायला हवी. चीनमध्ये ब्लडप्रेशर असलेल्या २०,७०२ लोकांना प्रेशरच्या गोळीबरोबर ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं, तेव्हा साडेचार वर्षांत पक्षाघाताचं प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आलं. हा निकाल २०१५ चा. पण तिथे पिठात फोलिक ॲसिड घातलेलं नसतं, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो फोलेट आधीच कमी असलेल्यांना. ज्यांचं फोलेट ११ आहे त्यांना तो आकडा तसाच लागू करता येत नाही.

"मग गोळ्या घेतल्या तर बिघडलं कुठे?" असंही लोक विचारतात. बिघडू शकतं. होमोसिस्टीनच्या नावाने मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये बी-६ बरेचदा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं. ते वर्षानुवर्षं घेतल्याने तळपायांची आग आणि बधिरपणा येतो, आणि मधुमेह असलेल्या माणसात तो मधुमेहामुळेच आला असं समजून गोळ्या आणखी वाढवल्या जातात. असे पेशंट मी पाहिले आहेत. बी-१२ न तपासता नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. आणि मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या लोकांना या तीन जीवनसत्त्वांचा मोठा डोस देऊन पाहिला, तेव्हा त्यांचं मूत्रपिंड गोळी न घेणाऱ्यांपेक्षा लवकर घसरलं. तो प्रयोग कॅनडातला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला.

आकडा ५० च्या वर असेल, किंवा पेशंट तरुण असून पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, किंवा भिंग सरकलेलं असेल, तर यातलं काहीच लागू नाही. तिथे जन्मजात आजाराची आणि तीव्र बी-१२ कमतरतेची चौकशी ताबडतोब व्हायला हवी, आणि तिथे होमोसिस्टीन खाली आणल्याने खरोखरच जीव वाचतात.

आमच्या गृहस्थांचं ट्रायग्लिसराइड आता १६८ होतं. आठ महिन्यांपूर्वी साखर बेसुमार होती आणि दारूही चालू होती. आता दारू सुटली होती, एचबीएवनसी ६.६ वर आलं होतं. पाचशेचा आकडा मुळात त्या दोन गोष्टींनी चढवलेला होता, म्हणून फेनोफायब्रेट थांबवून बघायचं ठरवलं. स्टॅटिन आणि मेटफॉर्मिन चालूच ठेवल्या. हा निर्णय त्यांचे जुने रिपोर्ट समोर ठेवून घेतला. ज्यांचं ट्रायग्लिसराइड अजून चढं आहे त्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये, स्वादुपिंडाला आलेली सूज होमोसिस्टीनपेक्षा फार घातक असते.

सहा आठवड्यांनी ते परत आले. तेव्हाही रक्त लॅबमध्ये जाऊन, बर्फात ठेवून दिलं होतं. क्रिएटिनिन १.०५, होमोसिस्टीन १४.६, ट्रायग्लिसराइड २१४. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणीही केली, ती चांगली होती, म्हणजे मूत्रपिंडाला मार बसलेला नव्हता. मेडिकलवाल्याची स्ट्रिप त्यांनी न फोडता परत केली होती. पुढच्या तपासणीसाठी मी चिठ्ठीवर क्रिएटिनिन, ट्रायग्लिसराइड, एचबीएवनसी आणि मेटफॉर्मिन चालू असल्यामुळे वर्षातून एकदा बी-१२ एवढंच लिहिलं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, "होमोसिस्टीन नको?" मी म्हटलं, नको, आता ते परत बघायची गरज नाही.